ओ काकू, बॉल द्या ना!

मुलांनो, गेल्या रविवारी दुपारी माझा भाचा पाय आपटत आमच्या घरी आला. हा भाचा नववीत आहे, वय वर्षं चौदा. खांद्यावर बॅट होती, पण बॉलचा पत्ता नव्हता. "मावशी, चांगलं बोललं तरी माणसं ओरडतात. मग चांगलं बोलायचंच कशाला?" असा सवाल त्यानं दारातच टाकला. मी आधी त्याला पाणी दिलं. पाणी पोटात गेल्यावर हकिगत बाहेर आली.

झालं होतं असं. यांचा बॉल उडून पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत गेला. त्या जागेत महिन्यापूर्वी नवीन भाडेकरू आल्या आहेत. एकट्याच राहतात, नुकत्याच नोकरीला लागल्या आहेत, वय असेल पंचविसाच्या आसपास. आमच्या चिरंजीवांनी खालून अगदी गोड आवाजात हाक मारली, "ओ काकू, बॉल द्या ना, प्लीज!" त्या बाहेर आल्या, खाली वाकून म्हणाल्या, "काकू? तुझ्या काकांनी माझ्याशी लग्न कधी केलं रे?" आणि दार लावून आत गेल्या. बॉल आत, टीम बाहेर!

"मग मी काय 'ए बाई' म्हणायला हवं होतं?" भाच्यानं विचारलं. त्याचा राग खरा होता. घरात आपण शिकवतो, की मोठ्या माणसाला नुसतं नावानं किंवा 'ए' म्हणून हाक मारायची नाही, काका म्हण, काकू म्हण. त्यानं तेच केलं होतं. पण त्या मुलीचा रागही खोटा नव्हता बरं का! तिनं रागाच्या भरात जे वाक्य टाकलं ना, त्यातच सगळी गोम आहे.

काकू म्हणजे कोण? काकांची बायको. म्हणजे अनोळखी बाईला 'काकू' म्हटलं, की आपण एका दमात दोन गोष्टी सांगून टाकतो. एक, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या दिसता. दोन, तुमचं लग्न झालंय. यातलं काहीच तिनं आपल्याला सांगितलेलं नसतं! 'ताई'चं तसं नाही. ताई ही ताईच, लग्न होवो न होवो, ती आपल्याहून थोडी मोठी एवढंच त्यात येतं. 'मावशी'तही लग्न येत नाही, ती आईची बहीण. 'वहिनी'त मात्र येतं, कारण वहिनी ही भावाची बायको. 'काका'तही लग्नाचा संबंध नाही, म्हणून पंचवीस वर्षांच्या दादाला कुणी काका म्हटलं तर तो फक्त वयावरून चिडतो, आणि त्याच वयाची मुलगी 'काकू' ऐकून दुप्पट चिडते. बायका उगीच नखरे करतात असं तुमच्यातले काही मुलगे म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

"पण वय ओळखायचं कसं? कपाळावर लिहिलेलं असतं का?" भाचा म्हणाला. नसतं. म्हणून मी त्याला दोन वजाबाक्या करायला सांगितल्या. समोरची व्यक्ती अंदाजे किती वर्षांची? पंचवीस. तू चौदा, म्हणजे फरक अकरा. तुझी आई एक्केचाळीस, म्हणजे तिच्यापासून फरक सोळा. पहिला आकडा लहान आहे, म्हणजे ती तुझ्या आईपेक्षा तुला जवळची. मग ती तुझ्या आईच्या ओळीत कशी बसेल? तुझ्याच ओळीत बसणार, थोडी पुढे. म्हणजे ताई. हिशेब संपला. आता समजा समोरची बाई पस्तीस वर्षांची आहे. तुझ्यापासून एकवीस, आईपासून सहा. इथे 'काकू' म्हणायला हरकत नाही. आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर? तर खालची पायरी धरावी. ताई म्हणून चूक झाली तर समोरची हसेल, काकू म्हणून चूक झाली तर काय होतं ते आमच्या टीमला विचारा.

आता हा हिशेब तुमचा आहे, तुमच्या आईबाबांचा नाही. मोठ्यांची गंमत वेगळीच असते आणि ती माझ्यावरच शेकली आहे. मूल लहान असतं तेव्हा आपण त्याच्या वतीनं बोलतो. "काकांना टाटा कर." "आजींना नमस्कार कर." इथे काका कुणाचे? बाळाचे. पण बोलून बोलून जीभ अशी वळते, की बाळ शेजारी नसतानाही आपण सगळ्या जगाला काका म्हणत सुटतो. परवा रिक्षातून उतरताना मी विचारलं, "काका, किती झाले?" चालकानं मागं वळून पाहिलं. डोक्यावरचे केस अर्धे पांढरे, पण चेहरा तरुण. म्हणाला, "ताई, मी छत्तीसचा आहे. तुम्ही मला काका म्हणता?" मी त्रेचाळीस वर्षांची! रिक्षात माझी मुलगी नव्हती, मीच होते. त्या हाकेत मी कुठून मोजत होते कोण जाणे. पालकांनो, मूल बरोबर नसेल तेव्हा आपलं वय आपल्यापाशीच ठेवून 'दादा' म्हणावं हे बरं.

आजी आणि आजोबांचं प्रकरण जरा अवघड. पंचावन्न-छप्पन वर्षांच्या बाई, केस काळे केलेले, पाठीवर सॅक, हातात मोबाइल. त्यांना बसमध्ये कुणी 'आजी' म्हटलं की दिवस खराब झालाच म्हणून समजा. पण माझ्या आईचं ऐका. आई आता बाहत्तर वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत आम्ही साडी घ्यायला गेलो. गादीवर बसलेला विक्रेता म्हणाला, "या ताई, बसा ताई, काय दाखवू ताई?" आई म्हणाली, "माझा नातू नववीत आहे. ताई पुरे, भाव सांग." तिला ती स्तुती आवडली नाही, कारण ती विकायला काढलेली होती. त्याच दिवशी परत येताना बसमध्ये एक कॉलेजची मुलगी उठली आणि म्हणाली, "आजी, इथे बसा." आई आनंदानं बसली, तिची चौकशी केली, कुठं शिकतेस, घर कुठं. दोन स्टॉप गेले नाहीत तोच मागून एक आवाज आला, "ओ आजी, पिशवी घ्या ना बाजूला!" आईचा चेहरा उतरला. एकाच बसमध्ये, पाच मिनिटांच्या अंतरानं, तोच शब्द. पहिल्या 'आजी'च्या मागे बसायची जागा होती, दुसरीच्या मागे ढकलणं होतं. आजी म्हणून हाक मारायची असेल, तर तिच्यापाठोपाठ आपण काय बोलणार आहोत ते आधी ठरवलेलं बरं.

खेड्यात आणि शहरातही यात फरक पडतो. माझ्या सासरी, साताऱ्याकडे, साठीच्या बाईला 'आजी' म्हटलं तर ती मान म्हणूनच घेते. तिकडे अनोळखी पुरुषाला हाक मारायची एक फार सोयीची रीत आहे, "काय पाव्हणं, कुठलं गाव?" पाव्हणा म्हणजे पाहुणा. त्यात ना वय येतं, ना लग्न, आणि मान मात्र पुरेपूर. मला तर ती हाक पुण्या-मुंबईत आणावीशी वाटते, पण रेल्वेच्या डब्यात "पाव्हणं, जरा सरका" म्हटलं तर लोक मलाच पाहुणी समजतील. विदर्भात 'भाऊ' हा असाच सगळीकडे चालणारा शब्द आहे.

'अंकल' आणि 'आंटी'बद्दल तुम्ही विचारणारच. खरं पाहता या शब्दांनी काही बिघडायला नको होतं. काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान हे चौघं मराठीत वेगळे, आणि इंग्रजीत सगळे एका 'अंकल'मध्ये कोंबलेले. म्हणजे तो शब्द कमी सांगतो, तेव्हा कमी दुखायला हवा. पण होतं उलटं! 'आंटी' हा शब्द आपल्याकडे चिडवण्यासाठी इतका वापरला गेला, की आता साध्या हाकेतही तो टोचतो. शब्द कुठून आला यापेक्षा तो कुणाच्या तोंडून कसा निघत आला यावरच त्याची चव ठरते. 'मामा'चंच बघा. पोलिसांना समोर 'काका' म्हणतात आणि पाठ वळली की 'मामा'. मामासारखं लाडाचं नातं, पण 'मामा बनवणं' म्हणजे फसवणं! चौकात उभ्या असलेल्या पोलिसांना 'मामा' म्हणून बघू नका, हे आपलं जाता जाता.

आता जरा गंभीर गोष्ट. मी भाच्याला एक कागद दिला आणि म्हटलं, आपल्या बिल्डिंगमध्ये आणि आसपास तू कुणाकुणाला काय म्हणतोस त्याची यादी कर. त्यानं भराभर लिहिली. समोरच्या काकू, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, सेक्रेटरी काका, पलीकडच्या काकू. मग दुसरीकडे: जिना झाडणाऱ्या मावशी, भाजीवाल्या मावशी, शाळेतल्या पाणी भरणाऱ्या मावशी, दवाखान्यातल्या मावशी. मी म्हटलं, "यादी नीट बघ. काकूंच्या आणि मावशींच्या वयात काही फरक आहे का?" नव्हता. "मग कुणाला काकू आणि कुणाला मावशी हे तू ठरवलंस कसं?" बराच वेळ तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "काकूंच्या दाराला बेल आहे."

पटकन कळलं नसेल तर परत वाचा. ज्यांच्या घरी आपण बेल वाजवून जातो त्या काकू. ज्या आपल्या घरी बेल वाजवून कामाला येतात त्या मावशी. हे कुणी शिकवत नाही, पण चौथी-पाचवीपर्यंत प्रत्येक मुलाला येतं. गंमत म्हणजे (गंमत कसली, मला तरी वाईटच वाटतं) नात्यांमध्ये मावशी ही सगळ्यांत जवळची. 'माय मरो पण मावशी जगो' अशी म्हणच आहे आपल्याकडे. मी स्वतः मावशी आहे, त्यामुळे या शब्दाचा मला अभिमान आहे! तो मायेचा शब्द आपण कामाच्या बाईला दिला, हे चांगलंच झालं असं कुणी म्हणेल. मीही म्हणत होते.

पण शब्दाच्या पुढचं क्रियापद ऐका. मराठीत ही मोठी चुगलखोर गोष्ट आहे. आपल्या सख्ख्या आजीला आपण म्हणतो, "आजी, ये ना, बस ना." बसमधल्या आजींना म्हणतो, "आजी, या, बसा." नातं तेच, पण 'तुम्ही' लावून आपण सांगतो, की नातं मानलेलं आहे, मी सलगी करत नाही. परक्या माणसाला नात्यानं हाक मारायची आणि अहो-जाहो करायचं, अशी ही जोडी आहे. आता आपल्या घरातली वाक्यं आठवा. "काकू, तुम्ही उद्या याल का?" आणि "मावशी, तू उद्या लवकर ये." तिथे 'तुम्ही', इथे 'तू'. सख्ख्या मावशीला आपण 'तू' म्हणतो ते प्रेमानं, आणि तीही आपला कान धरू शकते. भांडी घासायला येणारी मावशी आपला कान धरू शकते का?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई तीन वर्षांपूर्वी आल्या, तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. मी तिला सांगितलं, "यांना मावशी म्हणायचं." आणि मग नेहमीप्रमाणे मीही 'मावशी'च म्हणू लागले. एकदा मी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आमच्या मावशी आज उशिरा आल्या." फोन ठेवल्यावर त्या ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "वैनी, तुमच्या पोरीची मी मावशी, ते खरं. पण तुमची कशी मावशी? मी एकोणतीस वर्षांची हाय. मला नाव हाय की."

मला बोलता येईना. कारण त्या क्षणी मला त्यांचं नाव आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी विचारलं असेन, मग 'मावशी' म्हणायची सवय लागली आणि नावाची गरजच पडली नाही. नात्याची हाक आपण जवळ आणण्यासाठी मारतो असं मी समजत होते, आणि मी ती चक्क नाव विसरण्यासाठी वापरली होती. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. इथे ते छापत नाही, कारण छापू का असं त्यांना विचारलेलं नाही. आता मी त्यांच्या नावापुढे 'ताई' लावते आणि 'तुम्ही' म्हणते. मुलगी अजून 'मावशी'च म्हणते, कारण ते तिचं त्यांच्याशी जमलेलं आहे. मात्र तीही आता 'मावशी, तुम्ही' म्हणते. आणि परवा मी ऐकलं, त्यांनी तिला चक्क दटावलं, "पाय पुसून ये आधी!" कान धरला नाही, पण त्याच्या जवळपास.

म्हणून उद्यापासून सगळ्या मावशींना काकू म्हणत सुटू नका हं! आमच्या मंडईतल्या साठीच्या भाजीवाल्या मावशींना मी एकदा प्रयोग म्हणून 'काकू' म्हटलं. त्या मैत्रिणीकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस का, मी काकू झाले!" आणि दोघी खो-खो हसल्या. त्यांना तिथे सगळा बाजार मावशी म्हणतो, त्या सगळ्या बाजाराला दरडावतात, आणि कोथिंबिरीची काडी वर टाकतात ती मावशीच्याच हक्कानं. तिथे तो शब्द त्यांचा झालेला आहे.

हाक समोरच्याला आवडली की नाही, ते कसं कळावं? उत्तरात नातं परत येतं का ते बघायचं. तुम्ही 'आजी' म्हणालात आणि उत्तर आलं, "काय रे बाळा?" तर तुम्ही नातू झालात. 'मावशी'ला उत्तर "बोल पोरी" आलं, तर जमलं. पण उत्तर नुसतंच "काय पाहिजे?" आलं, तर तुमची हाक पोचली, नातं पोचलं नाही. पुढच्या वेळी शब्द बदला. आणि एकही शब्द सुचत नसेल तर मराठीत 'अहो' आहेच की. "अहो, जरा ऐकता का?" हे चौदा वर्षांच्या मुलालाही म्हणता येतं आणि नव्वदीच्या आजोबांनाही.

कामाच्या ठिकाणी तर बहुधा 'अहो', 'सर', 'मॅडम' हेच बरं. माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे. ती सांगते, गळ्यात स्टेथोस्कोप असूनही पेशंट तिला 'ताई' किंवा 'सिस्टर' म्हणतात आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलाला 'डॉक्टरसाहेब'. 'ताई' हा शब्द किती छान, पण तिथे तो तिचं सात-आठ वर्षांचं शिक्षण पुसून टाकतो. तिला त्याचा राग येतो, आणि मला तो पटतो.

हे सगळं ऐकून भाचा संध्याकाळी पहिल्या मजल्यावर गेला. खालून ओरडला नाही, बेल वाजवली. "ताई, बॉल मिळेल का? दुपारी चुकलं माझं." दार उघडून ती मुलगी म्हणाली, "अरे, बॉल दिला असताच मी. पण खिडकी फुटली असती तर?" तुमच्या लक्षात आलं ना? 'अरे' आलं, दटावणी आली, म्हणजे नातं परत आलं. बॉलही आला.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण काल भाचा पुन्हा आला, पुन्हा पाय आपटत. गेल्या वर्षभरात तो चार बोटं उंच झालाय आणि ओठांवर कोवळी मिशी फुटली आहे. शेजारच्या बिल्डिंगमधलं चार वर्षांचं पोर खाली खेळत होतं, त्याच्या आईनं त्याला सांगितलं, "जा, काकांना बॉल नेऊन दे." आणि ते पोर दुडूदुडू धावत आलं आणि म्हणालं, "काका, हा घ्या बॉल."

"मी काका?" भाचा म्हणाला. "मावशी, मी नववीत आहे!"

मी त्याच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली. पोर चारचं, हा चौदाचा, पोराचे बाबा बत्तीसचे. वजाबाक्या त्यानं न सांगता केल्या आणि तो कागद घेऊन तडक खाली गेला, त्या पोराच्या आईला दाखवायला.